एकातून कोसाइन वजा करताना

जुन्या चार अंकी त्रिकोणमितीय कोष्टकात एक अंशाचा कोसाइन ०.९९९८ असा छापलेला सापडतो. तो एकातून वजा केला की ०.०००२ उरतात. एक अंश म्हणजे ०.०१७४५ रेडियन, आणि त्याचा वर्ग ०.०००३०४६. पहिल्या संख्येला दुसऱ्या संख्येने भागलं की उत्तर येतं ०.६६. आता कोन निम्मा करू. अर्ध्या अंशाचा कोसाइन त्याच कोष्टकात १.०००० असा दिलेला आहे. वजाबाकी शून्य, म्हणून भागाकारही शून्य. कोन आणखी लहान केला तरी शून्यच. कोष्टकावर विश्वास ठेवणारा माणूस म्हणेल की

(1 − cos x)/x²

ही राशी x शून्याकडे जाताना आधी ०.६६ च्या आसपास असते आणि मग शून्य होते.

दोन्ही उत्तरं चूक आहेत. ही राशी ०.६६ ला कधीच पोचत नाही आणि शून्यावरही येत नाही. x शून्याच्या जवळ जाईल तशी ती अर्ध्याच्या जवळ जाते. कोष्टकात छपाईची चूक नाही. एक अंशाचा कोसाइन ०.९९९८४७७ आहे आणि चार अंकांत तो ०.९९९८ असाच लिहायला हवा. वजाबाकीची क्रियाही बरोबर आहे. बिघाड आहे तो आपण काय वजा करत आहोत यात. उसाने भरलेला ट्रक काट्यावर घ्यायचा, एक कांडं काढून पुन्हा काट्यावर घ्यायचा आणि दोन वजनांच्या फरकातून त्या कांड्याचं वजन सांगायचं, अशी ही मोजणी आहे. काटा कितीही प्रामाणिक असला तरी ते वजन त्याच्या अचूकतेच्या खालीच बुडून जातं. एक आणि cos x या दोन जवळजवळ सारख्या संख्या आहेत. आपल्याला हवी ती माहिती त्यांच्या शेवटच्या एकदोन अंकांत आहे, आणि नेमके तेच अंक पूर्णांकन करताना गेलेले असतात.

हाच अडथळा बीजगणितातही येतो, फक्त वेगळ्या रूपात. x च्या जागी शून्य ठेवलं की अंश शून्य, छेदही शून्य. शून्य भागिले शून्य या रूपातून काहीच निष्कर्ष निघत नाही. अंश आणि छेद यांपैकी कोण किती वेगाने शून्याकडे जातं हे कळायला हवं, आणि 1 − cos x या लेखनात तो वेग दिसतच नाही. अकरावी-बारावीतली पुष्कळ मुलं इथे cos x च्या जागी एक ठेवतात, x² मात्र तसाच ठेवतात आणि उत्तर शून्य लिहितात. चार अंकी कोष्टकाने अर्ध्या अंशाला केलं तेच ही मुलं करतात: लहान फरक आहे, तो फेकून दिला. पण छेदही तितकाच लहान असताना तो फरक फेकता येत नाही.

म्हणजे कोष्टकाला आणि विद्यार्थ्याला एकच गोष्ट हवी आहे. 1 − cos x ही राशी अशा रूपात लिहायची की तिच्यात वजाबाकीच उरणार नाही. ते काम अर्धकोनाचं सूत्र करतं:

1 − cos x = 2 sin²(x/2)

शाळेत हे सूत्र बहुधा cos(A + B) च्या विस्तारातून काढून दाखवतात. A आणि B दोन्ही x/2 घेतले की cos x = cos²(x/2) − sin²(x/2) मिळतं, आणि cos²(x/2) च्या जागी 1 − sin²(x/2) ठेवलं की वरची ओळ येते. यात चूक काही नाही. पण हे सूत्र आकृतीत पाहिलं की ते असंच का असायला हवं हे कळतं, म्हणून कागदावर एक वर्तुळ काढावं.

त्रिज्या १, केंद्र O. O मधून उजवीकडे आडवी त्रिज्या OA काढू. तिच्याशी x एवढा कोन करणारी दुसरी त्रिज्या OP काढू. P पासून OA वर लंब टाकू, तो Q मध्ये मिळेल. आता PQ ची लांबी sin x आणि OQ ची लांबी cos x. OA पूर्ण १ आहे, म्हणून उरलेला तुकडा QA ची लांबी 1 − cos x. ज्या वजाबाकीने आपल्याला छळलं ती इथे एक खरा रेषाखंड होऊन समोर आली आहे. आपल्या ज्योतिषगणितात या तुकड्याला उत्क्रमज्या म्हणतात. धनुष्याच्या आकृतीवरून त्याला शर असंही नाव आहे.

आता P आणि A जोडू. OPA हा समद्विभुज त्रिकोण आहे. त्याचा O जवळचा कोन दुभागला की PA चे दोन समान भाग होतात, प्रत्येक sin(x/2) लांबीचा. म्हणून PA = 2 sin(x/2). त्याच त्रिकोणात A जवळचा कोन 90° − x/2 आहे. PQA हा काटकोन त्रिकोण आहे, त्यात A जवळ हाच कोन आहे, म्हणजे P जवळचा कोन उरला x/2. या काटकोन त्रिकोणाचा कर्ण PA आणि P च्या कोनासमोरची बाजू QA. म्हणून

QA = PA · sin(x/2) = 2 sin(x/2) · sin(x/2)

अर्धा कोन दोन वेगवेगळ्या कारणांनी आला, हे इथे थांबून पाहण्यासारखं आहे. एकदा तो PA ही जीवा किती लांब आहे हे सांगायला आला, आणि दुसऱ्यांदा ती जीवा उभ्या रेषेपासून किती कलली आहे हे सांगायला. कोन लहान होतो तेव्हा जीवा आखूड होते आणि त्याच वेळी ती जास्त उभी होत जाते. QA हा तुकडा या दोन्ही कारणांनी एकदमच आटतो, आणि म्हणूनच तो x च्या नव्हे, x² च्या प्रमाणात लहान होतो. छेदात x चा वर्ग का घ्यावा लागला याचं उत्तर या आकृतीत आहे. छेदात नुसता x ठेवला असता तर सीमा शून्य आली असती. x³ ठेवला असता तर x धन असताना राशी धन दिशेला आणि ऋण असताना ऋण दिशेला अमर्याद वाढत गेली असती.

आता सीमा काढणं सोपं आहे, पण एका पायरीवर हात घसरतो. सूत्र ठेवल्यावर

(1 − cos x)/x² = 2 sin²(x/2)/x²

साइनच्या आत x/2 आहे, छेदात मात्र x. sin u भागिले u ही सीमा १ आहे हे माहीत असलेला विद्यार्थी घाईत या दोन वर्गांचा भागाकार १ धरतो आणि उत्तर २ लिहितो. साइनच्या आत जे आहे तेच छेदात हवं, आणि x² = 4 · (x/2)² असं लिहिल्यावरच ते तसं होतं. मग

(1 − cos x)/x² = (1/2) · [ sin(x/2)/(x/2) ]²

कंसातली राशी १ कडे जाते, तिचा वर्गही १ कडे जातो, आणि उरतो अर्धा. दोन आणि चार यांच्यातली ही गफलत पकडायला एक साधी तपासणी पुरते. x = 1 ठेवला तर cos 1 सुमारे ०.५४०३, म्हणून राशी ०.४५९७. x = 0.5 ला ती ०.४८९७ आणि x = 0.1 ला ०.४९९६. या संख्या कुठे निघाल्या आहेत ते दिसतं. दोनकडे तर नक्कीच नाही.

कंसातली राशी १ कडे का जाते, हा प्रश्न इथे टाळता येणार नाही, कारण सगळा भार आता तिच्यावर आहे. त्याच वर्तुळात u हा लहान कोन घ्यावा. दोन त्रिज्या आणि जीवा यांचा त्रिकोण वर्तुळपाकळीच्या आत बसतो, आणि A पाशी काढलेली स्पर्शिका दुसऱ्या त्रिज्येच्या वाढवलेल्या रेषेला मिळवली की जो मोठा काटकोन त्रिकोण होतो तो पाकळीला पोटात घेतो. तिघांची क्षेत्रफळं अनुक्रमे sin u, u आणि tan u यांच्या निम्मी. म्हणून sin u < u < tan u, आणि त्यावरून

cos u < (sin u)/u < 1

u शून्याकडे जाताना cos u एककडे जातो, मधल्या राशीला दुसरीकडे जायला जागाच राहत नाही. पाकळीचं क्षेत्रफळ u/2 आहे हे फक्त कोन रेडियनमध्ये असताना खरं आहे. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवून x = 0.1 टाकला तर आपली राशी ०.०००१५२३ दाखवते आणि x आणखी लहान केला तरी तिथेच राहते. ही π/180 च्या वर्गाची निम्मी किंमत आहे. असा आकडा दिसला की गणित तपासण्याआधी कॅल्क्युलेटर कोणत्या एककावर आहे ते पाहावं.

लोपितालच्या नियमाने हे उत्तर दोन ओळींत येतं: अंश आणि छेद यांचं विकलन करा, sin x भागिले 2x मिळतं, आणि त्याची सीमा अर्धा. अनेकांना हीच पद्धत आवडते. पण sin x चं विकलन cos x असतं हे सिद्ध करताना sin u भागिले u ची सीमा आधीच लागते, आणि पुष्कळ पुस्तकांत 1 − cos u भागिले u ची सीमाही तिथेच वापरलेली असते. ज्या पायावर विकलन उभं आहे तो पाया विकलनाने सिद्ध केला तर तर्क गोल फिरतो. विकलन पक्कं झाल्यावर उत्तर पडताळायला तो नियम जरूर वापरावा. पहिल्यांदा हे उत्तर मिळवायचं असेल तर अर्धकोनाचा रस्ता प्रामाणिक आहे. शिवाय त्या रस्त्याने अर्धा या आकड्याबरोबर आणखी एक गोष्ट हाती लागते. वरच्या असमानतेत u = x/2 ठेवून वर्ग केला आणि निम्मं घेतलं, तर शून्याजवळच्या, पण शून्य नसलेल्या, प्रत्येक x साठी

(1 + cos x)/4 < (1 − cos x)/x² < 1/2

म्हणजे ही राशी अर्ध्याला नेहमी खालूनच भेटायला येते, कधीही ओलांडत नाही. सुरुवातीच्या ०.६६ या आकड्यावर संशय घ्यायला एवढी एक ओळ पुरेशी आहे.

आता त्याच चार अंकी कोष्टकाकडे परत जाऊ आणि त्याला प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारू. एक अंशासाठी आपल्याला अर्ध्या अंशाचा साइन हवा. कोष्टकात तो ०.००८७ आहे. त्याच्या वर्गाची दुप्पट ०.०००१५१४, आणि तिला ०.०००३०४६ ने भागलं की ०.४९७. अर्ध्या अंशासाठी पाव अंशाचा साइन ०.००४४ घेतला की उत्तर ०.५०८. कोष्टक तेच, चार अंक तेच, आणि एकीकडे ०.६६ व शून्य, तर दुसरीकडे ०.४९७ व ०.५०८. (दुसरं उत्तर अर्ध्याच्या किंचित वर गेलं, कारण ०.००४३६३ चे ०.००४४ झाले आहेत. तेवढी चूक पूर्णांकनाची.) लहान कोनाचा साइन स्वतःच लहान असतो. पूर्णांकनाने त्याचा शेकड्यात एखादा अंश जातो, आणि गुणाकार ती चूक फार वाढवत नाही. वजाबाकी मात्र दोन मोठ्या संख्यांतली चूक जशीच्या तशी ठेवते आणि त्या संख्यांचा मोठा भाग उडवते. मग जे उरतं ते बहुतांशी चूकच असतं.

आपल्याकडे ही गोष्ट आकडेमोड करणाऱ्यांसमोर फार पूर्वीपासून होती. सूर्यसिद्धान्तातल्या कोष्टकात वर्तुळाचा परीघ २१,६०० कला आणि त्रिज्या ३४३८ कला धरली आहे. काटकोनाचे २४ समान भाग करून प्रत्येक भाग २२५ कलांचा, म्हणजे पावणेचार अंशांचा, घेतला आहे. ज्या म्हणजे आजच्या भाषेत ३४३८ गुणिले साइन, आणि उत्क्रमज्या म्हणजे ३४३८ गुणिले (१ वजा कोसाइन). ज्यांची यादी २२५, ४४९, ६७१, ८९० अशी सुरू होते. उत्क्रमज्यांची यादी ७, २९, ६६, ११७, १८२ अशी. ही दुसरी यादी आपल्या सीमेच्या नजरेने वाचण्यासारखी आहे. सीमा अर्धा आहे याचा अर्थ असा की लहान कंसासाठी उत्क्रमज्या जवळजवळ कंसाच्या वर्गाला त्रिज्येच्या दुपटीने भागल्याएवढी असते. २२५ चा वर्ग ५०,६२५. त्याला ६८७६ ने भागलं की ७.३६. कोष्टकात ७. दुप्पट कंसासाठी चौपट, म्हणजे २९.४, कोष्टकात २९. तिप्पट कंसासाठी नऊपट, ६६.३, कोष्टकात ६६. चौपट कंसासाठी सोळापट, ११७.८, कोष्टकात ११७. सात, एकोणतीस, सहासष्ट ही यादी म्हणजे एक, चार, नऊ या वर्गांचाच ठसा आहे.

पाचव्या ओळीपासून फारकत दिसू लागते. वर्गाचा नियम १८४ सांगतो आणि कोष्टक १८२. आठव्या ओळीत, तीस अंशांवर, नियम ४७१ सांगतो आणि कोष्टक ४६०. शेवटच्या ओळीत, काटकोनावर, नियम ४२४१ म्हणतो, पण उत्क्रमज्या त्रिज्येएवढीच, ३४३८, असते. सीमेचं विधान शून्याच्या शेजारचं आहे. ते किती दूरपर्यंत चालवून घ्यायचं हे या यादीत ओळीओळीने दिसतं, आणि प्रत्येक ठिकाणी कोष्टकाचा आकडा नियमाच्या खाली आहे, जसा तो असायलाच हवा. हे कोष्टक करणाऱ्यांनी सीमा या कल्पनेतून ते केलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. वर्गाचं नातं मात्र त्यांच्या आकड्यांत उतरलेलं आहे.

अर्धकोनाचा नियम तर त्यांनी नियम म्हणूनच दिला. सहाव्या शतकात वराहमिहिराच्या पंचसिद्धान्तिकेत तो आहे. भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातल्या ज्योत्पत्ति या प्रकरणात कोनाच्या उत्क्रमज्येवरून त्याच्या अर्ध्या कोनाची ज्या काढायची रीत सांगितली आहे. त्रिज्या आणि उत्क्रमज्या यांचा गुणाकार करा, निम्मा घ्या, वर्गमूळ काढा. 1 − cos x = 2 sin²(x/2) हेच सूत्र उलट्या दिशेने वाचलं की ही रीत मिळते.

ही रीत कोष्टकाच्या पूर्णांकांवर चालवून पाहू. तीस अंशांची उत्क्रमज्या ४६०. तिला ३४३८ ने गुणून निम्मं केलं की ७,९०,७४०, वर्गमूळ ८८९.२. पंधरा अंशांची ज्या कोष्टकात ८९० आहे. छान जुळतं. आता पंधरा अंशांची उत्क्रमज्या ११७ घेऊन साडेसात अंशांची ज्या काढू: ४४८.५, कोष्टकात ४४९. हेही ठीक. पुढची पायरी, साडेसात अंशांची उत्क्रमज्या २९: उत्तर २२३.३. कोष्टकात मात्र २२५ आहे. इथे जवळपास दोन कलांची तफावत पडली. रीत तीच, मग तिसऱ्या पायरीला काय झालं? साडेसात अंशांची खरी उत्क्रमज्या २९.४ आहे. अपूर्णांक टाकून २९ लिहिताना जे गेलं ते ४६० मध्ये किरकोळ ठरलं असतं, पण २९ मध्ये ते शंभरात दीड आहे. उलट दिशेने, म्हणजे २२५ चा वर्ग करून, दुप्पट करून, ३४३८ ने भागून, २९.४५ येतं, आणि ते अगदी जागेवर आहे. लहान कोनाची ज्या हाताशी असेल तर तिच्यावरून उत्क्रमज्या बिनधास्त काढावी. पूर्णांकात लिहिलेल्या लहान उत्क्रमज्येवरून ज्या काढताना मात्र जपावं. भास्कराचार्यांची रीत मोठ्या कोनाकडून सुरू होते तेव्हा उत्तम चालते, आणि शून्याजवळ पोचताना तिला अपूर्णांक सांभाळावे लागतात. चार अंकी कोष्टकातली अडचण इथे दुसऱ्या वेषात भेटते.

आजचा संगणकही यातून सुटलेला नाही. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत तो सुमारे सोळा अंक सांभाळतो. एकच्या लगेच खालच्या संख्या त्याच्याकडे सुमारे १.१ × १०⁻¹⁶ एवढ्या अंतराने आहेत. मधली कोणतीही संख्या त्याला लिहिता येत नाही. पुढचा छोटा प्रोग्रॅम चालवून पाहावा:

```python
from math import cos, sin
x = 1.2e-8
print((1 - cos(x)) / x**2)
s = sin(x/2) / (x/2)
print(0.5 * s * s)
```

पहिली ओळ सुमारे ०.७७ छापते आणि दुसरी ०.५. या x साठी 1 − cos x ची खरी किंमत ७.२ × १०⁻¹⁷ आहे. संगणकाला शून्य किंवा १.१ × १०⁻¹⁶ यांतलं एक निवडायचं आहे, आणि दुसरी संख्या जवळची आहे म्हणून तो ती घेतो. भागाकार तिथेच फुगतो. x थोडा कमी करून 1e-8 ठेवला तर खरी किंमत शून्याच्या जास्त जवळ येते आणि पहिली ओळ थेट 0.0 छापते. ०.७७, मग शून्य: चार अंकी कोष्टकाने दाखवलेला तोच क्रम, फक्त कितीतरी लहान कोनांवर. संगणक कोणतीही सूचना देत नाही. त्याच्या दृष्टीने cos बरोबर आहे आणि वजाबाकीही बरोबर आहे. चूक ओळखायची तर राशी अर्ध्याच्या वर जाऊच शकत नाही ही वरची असमानता माहीत असावी लागते, किंवा x बदलत न्यावा आणि उत्तर सावकाश स्थिरावतं की उड्या मारतं ते पाहावं.

नौकानयन करणाऱ्यांना याची किंमत आधीच कळली होती. पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर गोलीय त्रिकोणमितीच्या कोसाइन नियमाने काढलं तर शेवटी अंतराच्या कोनाचा कोसाइन हाती येतो, आणि ठिकाणं जवळ असली की तो एकला चिकटतो. म्हणून इंग्रज खलाशांच्या कोष्टकांत sin²(x/2) या राशीचाच स्वतंत्र स्तंभ असे. जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये तिला हॅवरसाइन हे नाव रूढ केलं. संगणक आल्यावर कोष्टकं गेली आणि कोसाइन नियम पुन्हा सर्रास वापरात आला. त्यावर १९८४ मध्ये आर. डब्ल्यू. सिनॉट यांनी ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात हॅवरसाइनचे गुण पुन्हा मांडले. त्याचं कारण आकड्यांत असं आहे: एकेरी अचूकतेत, म्हणजे साधारण सात अंकांत, x जर ०.०००२४४ रेडियनपेक्षा लहान असेल तर cos x नेमका १ होतो. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरली तर हे अंतर सुमारे दीड किलोमीटर भरतं. पुण्यात शनिवारवाडा आणि कसबा गणपती यांच्यातलं अंतर अशा गणितात शून्य येऊ शकतं. हॅवरसाइनने ते नीट मिळतं, कारण तिथे आधी लहान साइन मोजले जातात आणि मग त्यांचे वर्ग होतात. एकातून काही वजा करण्याची वेळच येत नाही.

हॅवरसाइनलाही एक कमकुवत टोक आहे. ठिकाणं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना असतील तर x सुमारे π होतो, sin(x/2) एकच्या जवळ जातो, आणि तिथे तो तसाच सपाट पडतो जसा शून्याजवळ कोसाइन. कोनात बराच फरक पडला तरी साइन हलत नाही, आणि अंतर पुन्हा शेवटच्या अंकांवर अवलंबून राहतं. त्या टोकाला सूत्राची जोडीदार बाजू हवी: 1 + cos x = 2 cos²(x/2). π जवळ cos(x/2) लहान असतो, म्हणून त्याच्यावरून दोन ठिकाणं विरुद्ध टोकापासून किती सरकलेली आहेत ते मोजायचं, आणि तेवढं अंतर अर्ध्या परिघातून वजा करायचं. या वजाबाकीत भीती नाही, कारण अर्धा परीघ सुमारे वीस हजार किलोमीटर आणि वजा करायची संख्या त्याच्या मानाने किरकोळ असते.